हुंकार म्हणजे होकार नव्हे

"मीटिंग एकदम झकास झाली. प्रत्येक वाक्याला ती मंडळी 'हाय, हाय' म्हणत मान हलवत होती. निघताना लिफ्टपर्यंत सोडायला आली. आता दोन महिने झाले, ऑर्डरचा पत्ता नाही. नेमकं अडलं कुठे?"

भोसरी, चाकण, नाशिक, कोल्हापूर अशा ठिकाणच्या कारखानदारांकडून असा फोन मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. मी पुण्यात जपानी शिकले आणि गेली काही वर्षं नागोयात राहून आपल्याकडचे लघुउद्योजक आणि इथल्या कंपन्या यांच्यात दुभाषाचं आणि पत्रव्यवहाराचं काम करते. नागोयाच्या आसपासचा हा आइची प्रांत म्हणजे जपानच्या वाहन उद्योगाचं माहेरघर. सुटे भाग विकायला पुण्याहून येणाऱ्यांची इथे सतत ये-जा असते. माल चांगला असतो, भाव तर चांगला असतोच. तरीही व्यवहार रेंगाळतो, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा मालात नसतं. समोरचा काय म्हणाला आणि त्याचा अर्थ आपण काय घेतला, यात ते दडलेलं असतं.

एका व्यवहाराची हकिगत सांगते, म्हणजे मुद्दा लक्षात येईल. भोसरीचा एक पन्नास-साठ माणसांचा कारखाना. मालकांना तिथे सगळे दादा म्हणतात, मीही तेच म्हणते. त्यांचा मुलगा इंजिनीअर. हायड्रॉलिक व्हॉल्व्हमध्ये बसणारी १२ मिलिमीटर व्यासाची एक पिन त्यांना इथल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीला विकायची होती. पहिली भेट नोव्हेंबरात झाली. ऑर्डर हातात पडली पुढच्या ऑक्टोबरात. हे अकरा महिने कुठे गेले, हे समजलं की जपानी गिऱ्हाइकाशी कसं वागायचं यातलं निम्मं समजलं.

सुरुवात अर्थातच भेटकार्डापासून. जपानीत त्याला 'मेइशी' म्हणतात. आपण कार्ड देतो ते नंबर सेव्ह करायला सोयीचं पडावं म्हणून. इथे तो परिचयाचा विधी असतो. उभं राहून, मधे टेबल न ठेवता, दोन्ही हातांनी, अक्षरं समोरच्याला सुलट वाचता येतील अशी धरून कार्ड द्यायचं आणि आधी कंपनीचं, मग स्वतःचं नाव सांगायचं. विकणारा पाहुणा आधी देतो. दोन्हीकडच्या वरिष्ठांची देवाणघेवाण आधी होते, मग खालच्यांची. म्हणजे दादा आधी, मुलगा नंतर, मी सर्वांत शेवटी. मिळालेली कार्डं खिशात कोंबायची नाहीत आणि त्यांच्यावर काही लिहायचं नाही. बसल्यावर ती समोर टेबलावर, ती माणसं ज्या क्रमाने बसली आहेत त्याच क्रमाने मांडून ठेवायची. यात नुसती रीत नाही, सोयही आहे. समोर पाच अनोळखी चेहरे असतात. कोण खरेदी विभागाचा, कोण गुणवत्तेचा, कोण उत्पादनाचा, हे मीटिंगभर नजरेसमोर राहतं. कार्डाच्या एका बाजूला जपानीत मजकूर छापून घ्या. मराठी आडनाव जपानी अक्षरांत कसं लिहायचं हे समोरच्याला कळलं, की पुढे वर्षभर तुमचं नाव त्यांच्या कागदोपत्री एकाच पद्धतीने लिहिलं जातं.

हस्तांदोलन करावं की वाकावं, हे सगळेच विचारतात. त्यांनी हात पुढे केला तर हात मिळवा, नाहीतर कंबरेतून थोडं वाकून नमस्कार करा. हात जोडून केलेला आपला नमस्कारही त्यांना छान कळतो. फक्त हात मिळवणं आणि वाकणं एकाच वेळी करू नका, डोक्याला डोकं लागतं. आणि बसायची घाई करू नका. दारापासून सर्वांत लांबची जागा पाहुण्याची असते. आपली माणसं संकोचाने दाराजवळची खुर्ची ओढतात आणि यजमानांची पंचाईत होते. "इकडे बसा" म्हणेपर्यंत उभं राहावं.

संबोधनात एक गंमत आहे, ती मात्र मुद्दाम सांगायला हवी. समोरच्याला आडनावापुढे 'सान' लावून हाक मारायची, हे सर्वांना ठाऊक असतं. पण बाहेरच्या माणसाशी बोलताना स्वतःच्या कंपनीतल्या कुणालाही 'सान' लावायचा नसतो, अगदी मालकालाही नाही. आपल्याकडे मुलगा चारचौघांत वडिलांचा उल्लेख 'ते म्हणाले' असाच करणार. जपानीत गिऱ्हाइकासमोर आपल्या वडीलधाऱ्यांचा उल्लेख नुसत्या आडनावाने होतो, कारण त्या क्षणी मान गिऱ्हाइकाचा आणि आपण सगळे एका बाजूचे. मी दादांबद्दल असं बोलले तेव्हा त्यांच्या मुलाने चमकून माझ्याकडे पाहिलं. त्याला तेवढं जपानी येत होतं. नंतर समजावून सांगितल्यावर तो हसला.

आता मूळ मुद्द्याकडे येते. जपानी 'हाय' या शब्दाचं भाषांतर पुस्तकात 'हो' असं दिलेलं असतं. पण आपण बोलत असताना समोरचा दर दहा सेकंदांनी जे 'हाय' म्हणतो, त्याचा अर्थ 'ऐकतोय, पुढे बोला' एवढाच. गोष्ट सांगताना लहान मूल हुंकार देतं ना, तसा तो हुंकार असतो. तो होकार नव्हे. तो दिला नाही तर इथे उद्धटपणा समजतात, म्हणून तुमचा प्रस्ताव त्यांना अजिबात मान्य नसला तरी 'हाय' येतच राहणार. उलट नकार मात्र सरळ 'नाही' असा जवळजवळ कधीच येत नाही. तो येतो 'मुझुकाशी' या शब्दात. शब्दशः अर्थ 'अवघड आहे'. आपल्या उद्योजकाला 'अवघड' ऐकलं की चेव येतो, "अवघड म्हणजे काय अडचण आहे ते सांगा, आपण मार्ग काढू!" व्यवहारात तो नकार असतो आणि त्याच्यावर जोर लावला की समोरचा अधिकच मिटून जातो. दात मिटून हवा आत ओढल्याचा सूऽऽ असा आवाज आला, तर समजा की त्याच दिशेने निघालंय.

आणि मग येते शांतता. दादांनी पिनचा भाव सांगितला. समोरच्या पाचही जणांनी कागदाकडे पाहिलं आणि कुणी काही बोलेना. पंधरा-वीस सेकंद गेले असतील. आपल्याकडच्या बैठकीत एवढी शांतता म्हणजे 'महाग वाटतंय' असाच अर्थ. दादांनी माझ्याकडे वळून मराठीत सांगितलं, "त्यांना म्हणावं, पाच टक्के कमी करतो." मी त्यांना हळूच म्हटलं, "दादा, जरा थांबा. ते आकडे वाचतायत." खरोखर वाचतच होते. थोड्या वेळाने खरेदीच्या माणसाने विचारलं, "या भावात गंजरोधक तेल आणि पॅकिंग धरलंय का?"

तिथल्या तिथे पाच टक्के कमी केले असते तर काय झालं असतं? आपल्याला वाटतं, गिऱ्हाईक खूश झालं असतं. जपानी खरेदीदाराच्या मनात मात्र लगेच शंका येते, की विचारल्याशिवाय पाच टक्के सुटले, तर पहिल्या आकड्याला आधार काय होता? इथे भाव म्हणजे हिशेब. कच्चा माल किती, मशीनवरचा वेळ किती, उष्णता प्रक्रिया, ग्राइंडिंग, तपासणी, पॅकिंग, नफा, असा तक्ता ते पुढे मागतातच. कमी करायचं असेल तर त्यातली कुठली ओळ कशामुळे कमी होईल हे दाखवावं लागतं. 'महिन्याला ५०० ऐवजी २,००० नग घेतलेत तर मशीनची जुळवणी चारदा करावी लागणार नाही, म्हणून इतके कमी' हे त्यांना पटतं. 'तुमच्यासाठी खास' हे पटत नाही.

मीटिंगच्या शेवटी वाक्य आलं, "हे आम्ही परत नेऊन विचार करतो." आपल्याकडे 'विचार करून कळवतो' म्हणजे मुलगी पसंत नाही! इथे ते वाक्य बहुतेक वेळा अक्षरशः खरं असतं. कारण त्या खोलीत निर्णय घेऊ शकेल असा एकही माणूस नसतो. हे आपल्या मालकांना पचायला सर्वांत जड जातं. दादा स्वतः मालक. मशीन घ्यायचं तर जेवताना ठरवतील आणि दुपारी फोन करून टाकतील. समोर बसलेला 'बुचो' म्हणजे विभागप्रमुख, वयाने साठीचा, कार्डावर मोठा हुद्दा. त्याच्या हातात निर्णय नसेल हे दादांना खरंच वाटत नव्हतं.

मग निर्णय होतो कसा? इथे दोन गोष्टी असतात. पहिली 'नेमावाशी'. हा शब्द बागकामातला आहे. मोठं झाड दुसरीकडे हलवायचं असेल तर माळी काही महिने आधी त्याच्या मुळांभोवती खणतो, काही मुळं छाटतो, बुंध्याजवळ नवी बारीक मुळं फुटू देतो, आणि मग झाड उचलतो. थेट उपटलं तर मरतं. कंपनीतही तसंच. प्रस्ताव सभेत मांडण्याआधी तो हाताळणारा कर्मचारी एकेका विभागाकडे जातो, त्यांच्या शंका ऐकतो, उत्तरं गोळा करतो. दुसरी गोष्ट 'रिंगी'. म्हणजे एक लेखी प्रस्ताव. त्यात काय घ्यायचं, का घ्यायचं, किती रुपयांचं, दुसरे पर्याय कोणते, धोका काय, हे लिहून तो कागद खालून वर पाठवतात. ज्याच्या-त्याच्या चौकटीत प्रत्येक जण शिक्का मारतो. हल्ली बऱ्याच ठिकाणी हे संगणकावरच होतं. कागद वरपर्यंत पोचतो तोवर विरोध शिल्लक राहिलेला नसतो, कारण तो आधीच ऐकून घेतलेला असतो.

यातली विकणाऱ्याच्या कामाची गोष्ट अशी, की हा कागद लिहितो कोण? बुचो नव्हे. मीटिंगमध्ये टोकाला बसून एक शब्दही न बोलता वहीत भराभरा टिपून घेणारा तिशीतला तरुण, तो लिहितो. त्याला 'तान्तोशा' म्हणतात, म्हणजे ते काम ज्याच्याकडे सोपवलंय तो. आपली माणसं तिन्ही वेळेस बुचोशी बोलतात, बुचोला दिवाळीच्या शुभेच्छा पाठवतात आणि या पोराकडे ढुंकून बघत नाहीत. तुमची वकिली बंद दाराआड तोच करणार असतो. बुचोचा मान ठेवायचाच. मेलवर त्यांचं नाव आधी, मग इतरांचं. पण माहिती मात्र त्या तरुणाला, त्याला जशीच्या तशी पुढे ठेवता येईल अशा रूपात द्यायची.

आमच्या व्यवहारात तो पहिला मोठा प्रश्न घेऊन आला तो पोलादाचा. त्यांच्या ड्रॉइंगवर एस ४५ सी हे जपानी मानकातलं पोलाद लिहिलेलं. दादा भोसरीत वर्षानुवर्षं ईएन ८ वापरतात. "जवळपास सारखंच आहे," असं त्यांनी मीटिंगमध्ये सांगितलं होतं आणि त्या तरुणाच्या वहीत ते शब्दशः उतरलं होतं. आठवड्याने मेल आली: 'जवळपास म्हणजे किती?' प्रश्न रास्त होता. ईएन ८ मध्ये कार्बन साधारण ०.३६ ते ०.४४ टक्के असतो, एस ४५ सी मध्ये ०.४२ ते ०.४८. म्हणजे दोन्ही पट्टे एकमेकांवर थोडेच चढतात. कार्बन कमी पडला तर कडक केल्यावर हवा तो कठीणपणा मिळेलच असं नाही. दादांच्या मुलाने उत्तर नीट दिलं. ईएन ८ वापरणार नाही, आपल्याकडे सहज मिळणारं सी ४५ घेऊ, आणि त्यातही ज्या लॉटच्या प्रमाणपत्रावर कार्बन ०.४२ ते ०.४८ मध्ये आहे तेवढाच माल उचलू. सोबत तीन लॉटची प्रमाणपत्रं जोडली. तो एक पानी कागद त्या तरुणाने डिझाइन विभागाला जसाच्या तसा दाखवला. त्या विभागाचा शिक्का तिथेच पडल्यात जमा झाला.

मग फेब्रुवारीत २० नमुने पाठवले. इथे मी एक आग्रह धरला होता, की प्रत्येक नगावर ज्या क्रमाने तो तयार झाला तो क्रमांक लिहा आणि प्रत्येकाची मापं वेगळी द्या. व्यास ११.९८३ ते ११.९९४ मिलिमीटरमध्ये हवा होता. सगळे २० नग त्यात बसत होते. त्यातले १९ मध्याच्या आसपास, आणि एक, १४ नंबरचा, ११.९८४, म्हणजे अगदी कडेला. जपानहून प्रश्न आला: 'हा एक वेगळा का?' दादा वैतागले. "अहो, पास आहे ना? मग काय उकरून काढताय?" पण हा प्रश्न नग नापास करण्यासाठी नव्हता. तुमच्या मशीनवर काय चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे का, हे त्यांना पाहायचं होतं. क्रमांक लिहिलेले असल्यामुळे शोध लागला. १३व्या नगानंतर ग्राइंडिंगचा दगड ड्रेस केला होता आणि त्यानंतरचा पहिलाच नग १४वा. उपाय सोपा होता. दगड ड्रेस केल्यावर पहिले दोन नग बाजूला काढून मोजायचे, मग पुढे चालू करायचं. हे तीन ओळींत कळवलं. त्यानंतर गुणवत्ता विभागाचा सूर बदलल्याचं मला स्पष्ट जाणवलं.

या काळात आपल्याकडून सर्वांत जास्त बिघडतं ते 'होऊन जाईल', 'प्रयत्न करतो', 'बघून सांगतो' यामुळे. इथे प्रत्येक मीटिंगचं टिपण निघतं. कुणी, काय, कोणत्या तारखेपर्यंत करायचं. आपण सहज बोललेलं 'आठवड्याभरात पाठवतो' त्यात तारखेसह उतरतं. म्हणून मी दर वेळी मधेच थांबून मराठीत विचारते, "दादा, नक्की कोणती तारीख लिहू?" लांबची तारीख सांगितलेली चालते, पाळली नाही तर चालत नाही. आणि उशीर होणारच असेल तर तो आदल्या दिवशी कळवायचा, तारीख उलटल्यावर नव्हे. आणखी एक बारीक गोष्ट. जपानचं घड्याळ भारतापेक्षा साडेतीन तास पुढे. पुण्यात दुपारचा दीड वाजतो तेव्हा इथे पाच वाजलेले असतात. 'आज पाठवतो' म्हणून तुम्ही संध्याकाळी सहाला मेल टाकली, तर इथे रात्रीचे साडेनऊ; त्यांच्या लेखी ती उद्याच आली.

जूनमध्ये तिघे जण भोसरीला कारखाना पाहायला गेले. आपल्याकडे अशा वेळी हार, शाल, श्रीफळ, पंचतारांकित जेवण हे सगळं असतं. त्यांना ते आवडतं, पण नोंद भलत्याच गोष्टींची होते. नापास माल ठेवायचा लाल डबा रिकामा आहे की भरलेला, मोजमापाच्या उपकरणावरची तपासणीची तारीख उलटलीय का, आणि प्रश्न विचारल्यावर मशीनवरचा कामगार स्वतः उत्तर देतो की मालक मधेच बोलतात. दादांना मी फक्त तेवढंच सांगून ठेवलं होतं, की कामगाराला विचारतील तेव्हा तुम्ही गप्प राहा. त्यांना ते किती कठीण गेलं असेल ते मी समजू शकते, पण त्यांनी पाळलं.

या सगळ्या महिन्यांत व्यवहार जिवंत आहे की थंडावला, हे ओळखायचं कसं? माझी खूण एकच, येणारे प्रश्न. प्रश्न येत असतील, आणि ते दिवसेंदिवस बारीक होत असतील, म्हणजे आधी पोलाद, मग माप, मग पिशवीत किती नग, मग खोक्याचं वजन, तर कागद आत फिरतोय. कारण प्रत्येक प्रश्न कुठल्यातरी विभागाचा असतो. उलट मेल अगदी गोड, पण तिच्यात ना प्रश्न ना तारीख, असं दोन-तीनदा झालं की काम झोपलंय असं समजावं. अशा वेळी 'ऑर्डर कधी?' असा तगादा लावून उपयोग नाही; त्या तरुणाच्या हातात ते नसतंच आणि तो फक्त ओशाळतो. त्याऐवजी 'तुमच्या अंतर्गत चर्चेसाठी आमच्याकडून आणखी कोणती माहिती हवी आहे का?' असं एकदा विचारावं. त्याला उत्तर देता येतं, आणि उत्तरावरून आपल्यालाही कळतं.

ऑक्टोबरात एका गुरुवारी होकार आला. आणि इथे पारडं उलटलं. अकरा महिने ज्यांनी घेतले, त्यांना सोमवारपर्यंत पहिल्या ५०० नगांचं दिवसवार वेळापत्रक हवं होतं. हे ऐकून दादा गांगरले. पण त्यांच्या बाजूने ते सरळ होतं. सगळ्या विभागांनी सगळ्या शंका आधीच मिटवल्या होत्या. आता करायचं फक्त काम. आपल्याकडे ऑर्डर लवकर मिळते आणि मग सगळं ठरवत बसतात. इथे ठरवून झाल्यावरच ऑर्डर येते. म्हणून शेवटच्या टप्प्यात कच्चा माल कुठून, किती दिवसांत येईल, मशीनचा वेळ कोणता, हे तयार ठेवावं लागतं. त्यात पुढच्याच आठवड्यात दिवाळी होती आणि कारखाना पाच दिवस बंद. सुदैवाने आम्ही जानेवारीतच वर्षभराच्या सुट्ट्यांचा तक्ता पाठवला होता, त्यामुळे त्यांनी ते दिवस धरूनच हिशेब केला होता. असा तक्ता प्रत्येकाने पाठवावा. गणपती आणि दिवाळीला पुण्यातले कारखाने बंद असतात हे इथे कुणाला माहीत नसतं, जसं एप्रिलअखेर ते मेची सुरुवात, ऑगस्टचा मध्य आणि वर्षअखेर या तीन वेळा जपान थंडावतं हे आपल्याला आठवत नाही.

खरी परीक्षा तिसऱ्या खेपेला झाली. दोन पिनांवर गंजाचे बारीक ठिपके निघाले. समुद्रमार्गे यायला तीन-चार आठवडे लागतात, त्यामुळे गंज कुठे धरला यावर वाद घालता आला असता, आणि दादांची पहिली प्रतिक्रिया तीच होती: "त्यांच्याच गोदामात झालं असणार." मी म्हटलं, "असेलही. पण आज ते विचारतच नाहीयेत." त्या दिवशी त्यांना हवं होतं एवढंच. झाल्या त्रासाबद्दल दिलगिरी, आणि त्याच लॉटचा माल कुठे किती आहे याचा आकडा: त्यांच्याकडे किती, जहाजावर किती, भोसरीत किती. म्हणजे त्यांची लाइन थांबणार का ते त्यांना ठरवता येतं. जपानीत मागितलेली ही माफी म्हणजे दोष कबूल केल्याचा दस्तऐवज नसतो. तुमची अडचण झाली ती आमच्या ध्यानात आली, एवढा तिचा अर्थ. कारण शोधायला नंतर वेळ मिळतो. चार दिवसांनी ते सापडलंही. शेवटच्या तपासणीनंतर एक नवा मुलगा हातमोजे न घालता नग पिशवीत भरत होता, आणि ठिपके बोटांच्या ठशांच्या जागीच होते. हातमोज्यांचा नियम, त्याचा फोटो आणि पुढच्या तीन लॉटचे निकाल पाठवले. पुढच्या वर्षी त्याच कंपनीने दुसऱ्या दोन भागांची चौकशी केली, आणि त्या वेळी होकार यायला चारच महिने लागले.

हे सगळं जपानभर असंच चालतं असं मात्र समजू नका. मालक स्वतः चालवतो अशा छोट्या कारखान्यात तो दादांसारखाच जेवताना निर्णय घेऊन टाकतो. व्यापारी कंपन्यांमधली माणसं परदेशात राहून आलेली असतात, ती भावावर मोकळेपणाने बोलतात. ऑनलाइन भेटीत कार्डाचा विधी उरलेला नाही. तिथे नाव आणि हुद्दा यांचा तक्ता आदल्या दिवशी पाठवला की काम भागतं. म्हणून पहिल्या भेटीआधीच एक प्रश्न मेलवर नम्रपणे विचारून घ्यावा: आपल्याकडे नव्या पुरवठादाराचा निर्णय साधारण कोणत्या टप्प्यांतून जातो? या प्रश्नाचं कुणाला वाईट वाटत नाही. उत्तरात टप्पे पाच आले तर वर्षाची तयारी ठेवा, आणि घरी-दारी, बँकेतही तसंच सांगून ठेवा. एक आला तर पासपोर्टसोबत भावाचा तक्ताही पक्का करूनच विमानात बसा.